दहावीच्या बोर्डाला जादा वेळ मागायचा आहे, डिस्लेक्सिया आहे – सुरुवात कुठून करायची? (तासगाव, जि. सांगली)

येरळाकाठ · ५ जुलै, रात्री ९:१०

भाची यंदा दहावीत आहे. तासगाव तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा, बोर्ड आपलं राज्य मंडळच. पाचवीत असताना डिस्लेक्सियाचं निदान झालं. तेव्हाचं सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र घरात आहे. त्या वेळी वय अकरा होतं, आता पंधरा पूर्ण आहे. शाळेत आजवर लेखी काही मागितलेलं नाही. वर्गातल्या परीक्षांना बाई थोडं थांबायच्या, त्यावर भागलं. बोर्डाला कोण थांबणार?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जादा वेळ नक्की किती मिळतो? अर्ज कुणाकडे आणि कधी करायचा? आणि जुनं प्रमाणपत्र चालतं का? तोंडी विचारलं तर पोरगी चांगली उत्तरं देते. कागदावर मात्र पेपर अर्धाच होतो.

जुना_मास्तर · ५ जुलै, रात्री ९:५५

एवढी काळजी करायचं कारण नाही. तीन तासांच्या पेपरला अर्धा तास जादा मिळतो. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी मुख्याध्यापकांना द्या, ते केंद्रावर सांगतात. जमलं तर गणित सोडून द्या आणि खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्या, पोरीच्या डोक्याचा ताप जातो. लेखनिक घेतला तर उत्तमच, सगळं सोपं होतं.

फळा_खडू · ५ जुलै, रात्री ११:२०

गुरुजी, सवलत मिळते हे तुमचं बरोबर आहे. पण यातल्या तीन गोष्टींवर ताई-दादा विसंबले तर मार्चमध्ये पंचाईत होईल. (मी विशेष शिक्षिका आहे, मिरज भागात.)

वेळ अर्धा तास नव्हे. दर तासाला २० मिनिटं असा हिशेब आहे. भाषेचा तीन तासांचा पेपर असेल तर ६० मिनिटं, आणि गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल यांच्या दोन तासांच्या पेपरांना ४० मिनिटं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम १७ मध्ये परीक्षेचा जादा वेळ आणि लेखनिक हे दोन्ही नावानिशी आलेले आहेत. त्यामुळे मागताना ‘मेहेरबानी करून’ अशी भाषा नको.

दुसरं, खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्रच लागतं. आणि येरळाकाठ, तुमचं अकराव्या वर्षीचं आता पुरणार नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर देतात, मग चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी आणि अठराव्या वर्षी पुन्हा. अठराव्या वर्षीचं कायमचं असतं. भाची चौदाची होऊन वर्ष झालं, म्हणजे फेरतपासणी राहूनच गेली आहे. तुमचं पहिलं काम हेच, अर्ज त्यानंतरचा.

आठ-दहा दिवस आधीचं म्हणाल तर मंजुरी मंडळाकडून येते. केंद्रावर कुणी तोंडी सांगून काही होत नाही.

गणित सोडायचं म्हणून एवढ्यात ठरवू नका. डिस्लेक्सियाचा त्रास वाचनात असतो, आकड्यांत असेलच असं नाही. अंकगणित घेतलं की पुढे गणित लागणाऱ्या प्रवेशांना अडचण येते, आणि ती दहावीत कुणाच्या लक्षातही येत नाही. आधी तिचा वेळ नेमका कुठे जातो ते बघा. कसं बघायचं ते उद्या सविस्तर लिहिते.

यवतेश्वर_घाट · ६ जुलै, सकाळी ७:३०

मला एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, दुसरा ६/६ आहे. एमपीएससीला जादा वेळ मिळेल का? साताऱ्यात अभ्यासिकेतले सगळे म्हणतात की दिव्यांग म्हटलं की मिळतोच.

जावक_क्रमांक · ६ जुलै, सकाळी १०:४०

धागा दहावीच्या बोर्डाचा आहे हो, एमपीएससीची गाडी वेगळ्या फलाटावरून सुटते. पण विचारलंच आहे तर कुणी जाणकार सांगतील.

मी शाळेच्या कार्यालयात आहे, म्हणून कागदाचा प्रवास सांगतो. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाकडे येतात. पालक मंडळाला थेट लिहीत नाहीत. पालकांचा अर्ज मुख्याध्यापकांकडे, त्यावरून शाळा प्रस्ताव करून मंडळाला पाठवते, मंडळाचं मंजुरीपत्र शाळेत येतं आणि शाळेने ते केंद्रसंचालकांपर्यंत पोचवायचं.

आता यात कागद कुठे अडतो ते बघा. दहावीची आवेदनपत्रं साधारण दिवाळीच्या आगेमागे ऑनलाइन भरली जातात. त्यात दिव्यांगत्वाचा प्रकार भरायचा असतो. बरेच जण तिथे नोंद करतात आणि सवलत मिळालीच असं समजून गप्प बसतात. ती नोंद म्हणजे प्रस्ताव नव्हे. उलटंही होतं. प्रस्ताव जातो, पण आवेदनपत्रात रकाना रिकामा राहतो, मग मंडळात दोन कागद जुळत नाहीत. दोन्हीकडे एकच प्रकार हवा आणि तो प्रमाणपत्रावर जसा लिहिलाय तसाच.

दुसरी जागा नावाची. प्रमाणपत्रावर ‘पूजा’ आणि जनरल रजिस्टरला ‘पुजा’, किंवा वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे नुसतं आद्याक्षर. ऑक्टोबरात हे सापडलं तर दुरुस्त होतं. जानेवारीत सापडलं की धावाधाव. म्हणून रुग्णालयात नोंदणी करायला जाताना आधार कार्डाबरोबर शाळेच्या रजिस्टरचा उतारा न्या, आणि शाळेत जसं आहे तसंच नाव घालायला सांगा.

तिसरी जागा सगळ्यांत वाईट. मंजुरीपत्र शाळेच्या फाइलीत आणि मुलगी दुसऱ्या गावच्या केंद्रावर. बोर्डाचं केंद्र बहुतेक वेळा आपल्या शाळेत नसतंच. मंजुरीपत्राच्या तीन प्रती काढा: एक शाळेला, एक केंद्रसंचालकांच्या हातात देऊन पोच घ्या, एक हॉल तिकिटाच्या मागे टाचून ठेवा.

फळा_खडू · ६ जुलै, रात्री १०:०५

काल म्हटलं होतं तसं, वेळ कुठे जातो ते कसं बघायचं.

दोन विषयांचे मागच्या वर्षीचे बोर्डाचे पेपर घ्या, एक भूगोलाचा आणि एक विज्ञान भाग १ चा. प्रत्येकी दोन तास. भाचीला निळं पेन द्या आणि घड्याळ लावा. बरोबर दोन तासांनी निळं पेन काढून घ्या, हातात हिरवं द्या आणि आणखी ४० मिनिटं लिहू द्या. मधे बोलायचं नाही, प्रश्न समजावून सांगायचा नाही. उत्तरपत्रिकेत निळं किती गुणांचं आहे आणि हिरवं किती गुणांचं, एवढं मोजा. (हे घरच्या किंवा शाळेच्या सरावापुरतं, बोर्डात हिरवं पेन नको.)

हिरव्यात बरेच गुण आले तर वेळ मागणं योग्य आहे. हिरव्यात लिहिलंय भरपूर पण चुकलंय, तर अडचण वेगाची नाही, प्रश्न वाचण्याची आहे. तिथे नुसता वेळ मागून उपयोग नाही, प्रश्न वाचून दाखवणारा माणूस हवा. आणि हिरव्यात काहीच आलं नाही तर बहुधा मुलगी दमलेली असते. मग वेगळंच बघावं लागतं.

दोन्ही उत्तरपत्रिका जपून ठेवा. शाळेतल्या सहामाहीलाही बाईंना असंच करायला सांगा आणि सही घ्या. प्रस्तावाबरोबर हे लावलेलं असलं की ‘हिला नक्की गरज आहे का?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तपासणीबद्दल एक गोष्ट. अध्ययन अक्षमतेची तपासणी एका बैठकीत संपत नाही. आधी डोळे-कान तपासून तिथे दोष नाही हे बघतात, मग बुद्ध्यांक, आणि तो ८५ च्या वर असेल तर वाचन-लेखनाच्या चाचण्या. तीन-चार फेऱ्या धरून चाला. बुद्ध्यांक त्याच्या खाली आला तर अहवालात ‘संथ अध्ययन’ असं काहीतरी येतं आणि त्या शब्दावर ही सवलत मिळत नाही. मराठी माध्यमाच्या मुलीची वाचनचाचणी मराठीतच व्हायला हवी. इंग्रजी परिच्छेद अडखळत वाचला म्हणून डिस्लेक्सिया ठरत नाही, आणि पाठ झालेले इंग्रजी शब्द वाचले म्हणून नाही असंही ठरत नाही. मराठीतली साधनं आहेत, ‘डाली’ नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चारही भाषांत तयार झालेली आहे. फोनवरच विचारून घ्या की चाचणी कोणत्या भाषेत घेता, आणि मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी असतात. अर्ज swavlambancard.gov.in वर करायचा, तिथेच रुग्णालय निवडता येतं.

जुना_मास्तर · ६ जुलै, रात्री १०:४०

वीस मिनिटांचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या वेळी अर्धा तासच होता. चिठ्ठीचंही तसंच असावं. पण लेखनिकाच्या मतावर मी ठाम आहे. वाचायचीच अडचण आहे ना, मग लिहायला-वाचायला माणूस दिला की प्रश्न मिटला. पेनांचे रंग कशाला हवेत?

फळा_खडू · ७ जुलै, सकाळी ६:५०

मिटत नाही गुरुजी. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीला नववीचा किंवा त्याखालचा. त्याने दहावीचे शब्द ऐकलेले नसतात. भाची ‘अपवर्तनांक’ म्हणाली की तो ‘अपवर्तन अंक’ असं तोडून लिहितो, सूत्रात वरचा आकडा खाली जातो. शिवाय तिला सगळं उत्तर डोक्यात जुळवून, वाक्य तोडून, थांबत थांबत सांगावं लागतं. हे न शिकता जमत नाही. निदान पाच-सहा पूर्ण पेपर त्याच लेखनिकाबरोबर झालेले असले पाहिजेत. ज्या मुलीचा हात चालतो, फक्त डोळा ओळीवर अडखळतो, तिच्या हातातलं पेन काढून घेणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक काढणं. जादा वेळ लेखनिक घेतला तरी तेवढाच मिळतो आणि नाही घेतला तरी तेवढाच, त्यामुळे वेळेसाठी लेखनिक घ्यायची गरज नाही.

मोठी_अक्षरं · ७ जुलै, दुपारी १:१५

कराडहून. मी अल्पदृष्टी असलेल्या मुलांबरोबर काम करतो, म्हणून त्या बाजूचं थोडं लिहितो. मागच्या वर्षीही इथे कुणीतरी विचारलं होतं आणि उत्तर अर्धवट राहिलं होतं.

अल्पदृष्टीवाल्यांसाठी पालक ‘मोठ्या अक्षरांचा पेपर’ एवढंच लिहून देतात. केंद्रावर कुणीतरी ए४ चा पेपर ए३ वर झेरॉक्स करतो. ए४ वरून ए३ म्हणजे १४१ टक्के, बारा पॉइंटचं अक्षर सतरा पॉइंटचं होतं. ज्याला चोवीस लागतं त्याला हे पुरत नाही. वर ए३ कागद शाळेच्या बाकावर मावत नाही, उत्तरपत्रिका मांडीवर घ्यावी लागते. म्हणून अर्जात अक्षराचा आकडा लिहा आणि मोठं टेबल वेगळं मागा. पेपर आधी फोडता येत नाही, त्यामुळे केंद्राने आयत्या वेळी मोठा करून देण्यावर विसंबू नका. मंडळाकडूनच काय येणार हे मंजुरीच्या वेळी विचारून घ्या. नाहीतर भिंग आणि स्वतःचा टेबललॅम्प मंजूर करून घेणं जास्त खात्रीचं. पडद्यावर मोठं करून दाखवणारं यंत्र असेल तर त्यात कॅमेरा असतो, त्याचा उल्लेख अर्जात नसेल तर दारावरच काढून घेतात.

आता डिस्लेक्सियालाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. भिंगातून एका वेळी चार-पाच अक्षरं दिसतात, त्यामुळे वेळ वाचण्यात कमी आणि पुढची ओळ शोधण्यात जास्त जातो. त्यासाठी आम्ही काळ्या जाड कागदाची पट्टी करतो: २० सेंमी लांब, ८ सेंमी रुंद, मधे १५ सेंमी लांब आणि दीड सेंमी उंच खाच. खाचेतून एकच ओळ दिसते, बाकी सगळं काळं. खर्च दोन रुपये. पण केंद्रावर अचानक खिशातून काढली तर पर्यवेक्षक ती चारी बाजूंनी उलटून बघणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. अर्जात ‘काळ्या कागदाची कोरी वाचनपट्टी’ असं लिहा.

भूगोलात नकाशा-आकृतीच्या प्रश्नाला दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न छापलेले असतात. ते कोणते, हे मुलांना आधीच्या पेपरात दाखवून ठेवा. नाहीतर मूल नकाशाशीच झगडत बसतं.

यवतेश्वर_घाट, तुमचं: एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा ६/६ असेल तर टक्केवारी ३० येते. ४० च्या आत. म्हणजे आरक्षण मिळणार नाही. वेळेचं मात्र तेवढं सरळ नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार प्रकरणात तेच पुढे नेलं. पण दोन्ही प्रकरणांतली अडचण हाताने लिहिण्याची होती. ४० टक्क्यांखालच्यांसाठी केंद्राने २०२२ मध्ये जे नियम केले तेही ‘लिहिण्यात अडचण’ याच शब्दांवर उभे होते. एका डोळ्याने ६/६ दिसत असताना लिहिण्यात अडचण आहे असं वैद्यकीय मंडळ देईल का? मला शंका वाटते.

यवतेश्वर_घाट · ७ जुलै, रात्री ८:२०

मला वाचताना डोकं दुखतं, दीड तासानंतर ओळी सरकतात. ते अडचणीत धरणार नाहीत का?

मोठी_अक्षरं · ७ जुलै, रात्री ८:४५

धरायला हवं असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्याने हॉल तिकिटावर काही छापून येत नाही. नेत्रतज्ज्ञांकडून डोकेदुखीचं कारण आणि किती वेळ सलग वाचता येतं हे लेखी घ्या, आणि जाहिरात आली की अर्जातल्या भरपाई वेळेच्या रकान्यात मागणी नोंदवाच. मागितलंच नाही तर नंतर भांडायलाही जागा राहत नाही.

येरळाकाठ · २० जुलै, रात्री ९:३०

पेनांचा प्रयोग केला. रुग्णालयाची पहिली तारीखही मिळाली आहे.

भूगोल: निळ्यात २५ गुणांचं लिहून झालं, हिरव्यात आणखी ११ गुणांचं, ३८ मिनिटांत. बहुतेक बरोबर आहे. म्हणजे वेळ मिळाला तर ४० पैकी ३६ गुणांच्या प्रश्नांना ती हात घालते.

विज्ञान भाग १: निळ्यात २९, हिरव्यात ८. पण इथे गडबड आहे. एका प्रश्नात ‘घनता’ विचारली होती, तिने ‘घटना’ वाचून कुठल्या तरी प्रयोगाचं वर्णन लिहिलं. ‘अयोग्य विधान ओळखा’ याचं ‘योग्य’ झालं. एकूण सात प्रश्न असे गेले. दुसऱ्या दिवशी तेच सात प्रश्न मी नुसते वाचून दाखवले, त्यातल्या पाचांची उत्तरं तिने तोंडी बरोबर दिली.

काळी पट्टी करून दिली. ओळ सुटणं थांबलं. घनता-घटना काही थांबलं नाही.

आता मागायचं काय? वेळ की माणूस?

फळा_खडू · २० जुलै, रात्री १०:१५

हेच बघायचं होतं. भूगोलाला वेळ पुरतो. विज्ञानाला पुरत नाही, कारण ‘घटना’ असं एकदा डोळ्यांनी ठरवलं की ती जादा ४० मिनिटांत तोच शब्द तीन वेळा ‘घटना’च वाचणार. आणि लिहिण्यात तिचा तसा दोष नाही. म्हणून मागणी अशी करा: सर्व विषयांना जादा वेळ, सर्व विषयांना फक्त प्रश्न वाचून दाखवणारा वाचक, उत्तरं ती स्वतः लिहील. लेखनिक मागू नका.

भाषेच्या पेपरला एक अडचण राहते. अपठित उतारा वाचून दाखवला तर परीक्षा वाचनाची राहते की ऐकण्याची, यावर वाद आहे. मला विचाराल तर उताऱ्याचे प्रश्न वाचून दाखवावेत आणि उतारा तिने वाचावा, पण सगळे असं मानत नाहीत.

जावक_क्रमांक · २१ जुलै, सकाळी ११:००

ताई, एक सांगू का? कार्यालयात नेहमी ‘लेखनिक’ हाच शब्द असतो. नुसता वाचक मागितला तर तो कागद कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा हेच पलीकडच्या टेबलाला कळत नाही. मी तरी लेखनिक मागून घ्या आणि आत नुसतं वाचून घ्या असं म्हणेन.

फळा_खडू · २१ जुलै, दुपारी ४:३०

आणि आत गेल्यावर पर्यवेक्षकांनी म्हटलं की ‘मंजुरी लेखनिकाची आहे, मग ही स्वतः का लिहितेय?’ तर? पुढच्या अर्ध्या तासात पेपर कोण देणार? जे हवं ते लिहूनच घ्यावं. फार तर ‘लेखनिक/वाचक’ असं लिहून खाली स्पष्ट करावं. खाली मसुदा देते, येरळाकाठ, तपशील तुमचे घाला.

> प्रति,
> मा. विभागीय सचिव,
> महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
> कोल्हापूर विभागीय मंडळ.
> मार्फत: मुख्याध्यापक
>
> विषय: इ. १० वी परीक्षेसाठी दिव्यांग विद्यार्थिनीस सुविधा मंजूर करणेबाबत.
>
> महोदय, माझी पाल्य अध्ययन अक्षमता या प्रवर्गात येते. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तिला पुढील सुविधा मिळाव्यात:
> १. सर्व विषयांना प्रत्येक तासामागे २० मिनिटे जादा वेळ.
> २. प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्यासाठी लेखनिक/वाचक. उत्तरे विद्यार्थिनी स्वतः लिहील.
> ३. वाचकामुळे इतरांना अडथळा होऊ नये यासाठी स्वतंत्र खोली.
> ४. काळ्या कागदाची कोरी वाचनपट्टी वापरण्यास परवानगी.
>
> शालेय परीक्षेत याच सुविधांसह व त्याशिवाय लिहिलेल्या उत्तरपत्रिकांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

स्वतंत्र खोली वाचक नसता तरी मागायला सांगितली असती. मूळ वेळ संपल्याची घंटा झाली की शंभर मुलं बाकं सरकवून उठतात, बाहेर पालकांचा गलका, आणि उरलेल्या एका मुलीच्या डोक्यावर दोन पर्यवेक्षक ‘झालं का गं?’ करत उभे. कागदावर ६० मिनिटं मिळतात, हातात चाळीसच पडतात.

जावक_क्रमांक · २१ जुलै, संध्या. ६:१०

मसुदा उत्तम. माझी हरकत मागे घेतली असं नाही, पण पुढेच स्पष्ट लिहिलंय म्हटल्यावर चालेल.

घंटेवरून आठवलं. केंद्रावर पेपर संपला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून सील करायची घाई असते. एक उत्तरपत्रिका तासाभराने येणार हे केंद्रसंचालकांना सकाळी नव्हे, आठवडाभर आधी माहीत हवं. मग ते एक पर्यवेक्षक आणि एक शिपाई थांबवून ठेवतात. ११ चा भाषेचा पेपर सगळ्यांचा २:१० ला सुटतो, हिचा ३:१० ला. तासगावहून गावाकडची एसटी किती वाजता आहे तेही बघा. पोरीचं अर्धं लक्ष गाडीकडे राहता कामा नये. आणि डबा लवकर देऊन पाठवा, अकरा ते तीन म्हणजे मधे जेवण नाही.

वाचकाचा फोटो, शाळेचं बोनाफाइड आणि ओळखपत्र प्रस्तावाबरोबर जोडा. शिवाय एक राखीव वाचक ठेवा. परीक्षेच्या दिवशी नेमका ताप येतो तो वाचकालाच.

जुना_मास्तर · २१ जुलै, रात्री ८:००

२:१० ची दहा मिनिटं कसली?

जावक_क्रमांक · २१ जुलै, रात्री ८:१५

गुरुजी, पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी वाचायला देत. मोबाइलवरून पेपर फुटायला लागले तेव्हा ते बंद केलं आणि २०२३ पासून तीच दहा मिनिटं शेवटी दिली, सगळ्यांना.

येरळाकाठ · २१ जुलै, रात्री ९:००

मग त्या दहा मिनिटांवरही आमची वीस टक्के… म्हणजे तासाला वीसच्या हिशेबाने तीन मिनिटं वीस सेकंद जादा होतात का?

फळा_खडू · २१ जुलै, रात्री ९:२५

हिशेब पक्का आहे तुमचा. पण त्यासाठी केंद्रावर वाद घालू नका, वाद घालण्यातच पाच जातील. मंजुरीपत्रात संपण्याची वेळ घड्याळाच्या आकड्यात लिहून मागा, म्हणजे कुणालाच गुणाकार करावा लागणार नाही.

येरळाकाठ · २ ऑगस्ट, संध्या. ७:४०

रुग्णालयातली दुसरी फेरी झाली. वाचनचाचणी मराठीत घेतात, विचारून खात्री केली. नाव मात्र नोंदणीच्या पावतीवर चुकलेलंच होतं, रजिस्टरचा उतारा बरोबर होता म्हणून तिथल्या तिथे बदलून मिळालं. शेजारची आठवीतली मुलगी वाचक म्हणून तयार आहे, रविवारी पहिला पेपर तिच्याबरोबर. राखीव वाचक अजून शोधतोय.